ख्ख्ख्, ओप्पा आणि स्क्रीनशॉटमधली 'मी'

प्रश्न: मैत्रिणीने कोरियन काकाओटॉक चॅटचा स्क्रीनशॉट पाठवलाय, मराठीत करून दे म्हणते. मजकूर कॉपी करून भाषांतर केलं तर कोण काय बोललं तेच कळेना, सगळं सपाट झालं. शिवाय तो सारखा येणारा ख्ख्ख् म्हणजे 'हाहा' लिहू का? 'ओप्पा'ला 'दादा' चालेल? आणि इमोजीचं काय करायचं?

दादा नको, हे आधीच सांगून टाकते, कारण ते दोघं एकमेकांच्या प्रेमात असतील तर एका शब्दात सगळ्या चॅटचं वाटोळं होईल. पण ओप्पाकडे नंतर येऊ. मजकूर कॉपी केलात तिथेच निम्मी माहिती गेली, कारण चॅटमध्ये बोलणाऱ्याचं नाव शब्दांत नसतं, ते बबल कुठल्या बाजूला आहे त्यात असतं. म्हणून पहिला शब्द भाषांतरित करायच्या आधी चित्र बघायचं आणि प्रत्येक बबलपुढे नुसतं डावा की उजवा एवढं लिहून काढायचं.

काकाओटॉकमध्ये उजवीकडचे पिवळे बबल ज्याच्या फोनवर स्क्रीनशॉट काढला त्याचे, त्यांच्यावर नाव नसतं. डावीकडे समोरचा, फोटो आणि नावासकट, पण ते नाव सलग मेसेजपैकी फक्त पहिल्यावर येतं, खालच्यांवर नाही. त्यामुळे ग्रुपचा स्क्रीनशॉट वरून कापलेला असला तर सगळ्यात वरचा डावा बबल बिननावाचा असू शकतो, तो अंदाजाने कुणाच्या नावावर टाकायचा नाही, सरळ 'नाव कापलेलं' असं लिहायचं. रिप्लाय केलेल्या मेसेजमध्ये वर बारीक अक्षरात जे दिसतं ते आधीच्या माणसाचं वाक्य असतं, कॉपी केलं की तेही रिप्लाय करणाऱ्याच्या तोंडी जातं. आणि उजव्या बाजूला 'मी' असं लेबल देऊ नका. स्क्रीनशॉट फॉरवर्ड होत आलेला असतो, तुमच्या मैत्रिणीने पाठवला म्हणजे ती उजवीकडची बाई तीच असं नाही.

आता मराठीची स्वतःची एक अडचण आहे जी इंग्रजीत करणाऱ्यांना येत नाही. आपल्याला 'आलो' की 'आले' हे ठरवावंच लागतं, कोरियन क्रियापदाला त्याचं काही पडलेलं नसतं. म्हणजे बोलणारी व्यक्ती बाई की पुरुष हे कळल्याशिवाय साधं 'मी पोचलो'सुद्धा लिहिता येत नाही.

तुमचा स्क्रीनशॉट मी पाहिलेला नाही, म्हणून एक चॅट रचून दाखवते, ओळींचे अर्थ पुढे येतीलच. डावीकडे नाव दिसतंय 'मिन्जुन ओप्पा'. तो लिहितो 'ऑदिया', खालच्या बबलमध्ये 'नान दोछाक ख्ख्'. उजवीकडून 'हॉल, बॉलस्सॉ?', मग 'मियान' पुढे रडके डोळे, '10 मिनिटंच' आणि 🙏, मग 'जिसुदो नुन्नुन्दे'. तो: 'त्तो? ख्'. ती: 'ओप्पा ह्वानास्सॉ?' तो: 'आन्यो, छॉनछॉनी ओसेयो ^^'. शेवटी तिचा एकटा 🥲 आणि त्या इमोजीशेजारी बारीकसा 1.

मी ती म्हणतेय ते कशावरून? ओप्पा हा शब्द बाईने आपल्यापेक्षा मोठ्या पुरुषाला वापरायचा, सख्खा भाऊ असो, मित्र असो नाहीतर बॉयफ्रेंड. (पुरुष मोठ्या पुरुषाला ह्यॉङ म्हणतो.) डावीकडचं नाव फोनवालीने सेव्ह केलेलं असू शकतं किंवा त्या बाबानेच स्वतःला तसं ठेवलेलं असू शकतं, म्हणून नुसत्या नावावर मी पैज लावणार नाही. पण खाली उजवीकडून 'ओप्पा' अशी हाक आलीय, तिथे प्रश्न मिटला. उजवीकडे 'आले', 'पोचते', डावीकडे 'पोचलो'.

त्याच ओळीत एक खड्डा आहे. 'ओप्पा ह्वानास्सॉ?' शब्दशः केलं तर 'ओप्पा चिडला?' होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की ही कुणातरी तिसऱ्याबद्दल विचारतेय. कोरियनमध्ये मोठ्या माणसाला 'तू' म्हणणं टाळतात आणि नात्याचा शब्दच सर्वनामाच्या जागी बसवतात, म्हणून मराठीत तो परत संबोधन करायचा: 'ओप्पा, चिडलास?' इथे ओप्पा तसाच ठेवला. ऑक्सफर्डच्या इंग्रजी डिक्शनरीनेही 2021 मध्ये हा शब्द जसाच्या तसा घेतला, आणि आपल्याकडे के-ड्रामा बघणाऱ्यांना तो सांगावा लागत नाही. वाचणाऱ्याला माहीत नसेल तर वर एकदा टीप द्या, किंवा ओप्पा काढून नुसतं 'मिन्जुन' करा. ते खरंच भाऊबहीण आहेत हे माहीत असेल तरच दादा.

'जिसुदो नुन्नुन्दे' ही मला सगळ्यात आवडती ओळ आहे, कारण इथे मराठी इंग्रजीच्या पुढे जाते. शेवटचा 'दे' सांगतो की ही ऐकलेली बातमी आहे, जिसूने सांगितलंय, माझा अंदाज नाही. आपल्याकडे त्याला आयतं 'म्हणे' आहे. तेवढं गाळलं तर ती स्वतःच्या मनाने जिसूबद्दल बोलतेय असं होतं, म्हणजे कोण काय बोललं हा घोळ बबलच्या आतसुद्धा होतो. बरं, जिसू मुलगा की मुलगी? नाव दोघांचंही असतं. मग 'येतोय/येतेय' टाळून 'जिसूला पण उशीर होणारे म्हणे' असं करायचं, 'ला' लावलं की लिंग सांगावं लागत नाही. ही पळवाट कायम खिशात ठेवा.

आता ख्ख्. तो स्वर नसलेला नुसता व्यंजनाचा आकार आहे, हसण्याचा आवाज, आणि किती वेळा टाइप केलाय त्यावर अर्थ बदलतो. तीन किंवा जास्त असले की खरं हसू, दोन म्हणजे हलकं, सवयीचं, वाक्य कोरडं वाटू नये म्हणून लावलेलं. एकटाच एक असेल तर बहुतेक वेळा ते हसू नसतंच, थंडपणा असतो किंवा टोमणा. सगळीकडे 'हाहा' लावलंत तर त्या एकट्या 'ख्'चा डंख जातो. पहिल्या ठिकाणी मी 'मी पोचलो हाहा' करेन, दुसऱ्या ठिकाणी 'परत? हं.' असं. रडके डोळे म्हणजे एका स्वरचिन्हाची जोडी, डोळ्यांतून धारा वाहिल्यासारखी दिसते, पण कुणी रडत नसतं, माफीला मऊपणा आणायला लावतात. तिथे आपला 'ना' पुरतो: 'सॉरी ना'. 'हॉल' म्हणजे अवाक झाल्याचा उद्गार, 'बापरे' ठीक, 'अरेच्चा' म्हटलं की ती एकदम साठीची वाटायला लागते.

खरी मजा मात्र 'छॉनछॉनी ओसेयो'मध्ये आहे. दोघं इतका वेळ बानमालमध्ये, म्हणजे आपल्या अरे-तुरेत बोलत होते आणि हा अचानक जोन्देन्मालवर, आदराच्या भाषेवर गेला. शब्दांचा अर्थ फक्त 'नाही, सावकाश या' एवढाच आहे आणि कोशात बघून केलं तर माणूस फार समजूतदार वाटतो. मागे काय झालं ते बघा ना, 'परत?' झालं, एकटा 'ख्' झाला, आणि आता ही अदब, म्हणजे बाबा चिडलाय. हे मराठीत करायला काही शोधावं लागत नाही, आपणही चिडलो की 'आपण'वर जातोच: 'नाही हो, या आपण सावकाश'. फक्त त्यासाठी आधीच्या सगळ्या ओळी ठाम 'तू'मध्ये पाहिजेत ('कुठेयस?'), नाहीतर हा बदल दिसणारच नाही. म्हणून पूर्ण चॅट एकदा वाचून दोघांचं तू-तुम्ही आधी ठरवायचं आणि मगच पहिली ओळ लिहायची, ओळीगणिक ठरवायला गेलात की फसलात. उलट पहिल्यापासूनच सगळं आदराच्या भाषेत असेल तर शेवटची ओळ खरोखर सभ्य असू शकते, तिथे उगाच टोमणा घुसवू नका.

इमोजी मी भाषांतरित करत नाही. जिथे आहे तिथेच, जितके आहेत तितकेच, आणि शब्दांनंतर असेल तर शब्दांनंतरच. 🙏 इथे विनवणी आहे, मराठी वाचणाऱ्याला नमस्कार वाटू शकतो, पण शेजारी 'सॉरी ना' आहे त्यामुळे निभावतं. ^^ हा इमोजी नाही, टायपिंगची चिन्हं आहेत, हसरे डोळे. आपल्याकडे तसं कुणी लिहीत नाही म्हणून मी तिथे 🙂 टाकते, कारण त्या कोऱ्या चेहऱ्याला आपल्याकडेही तोच गारवा आहे, पण बदललं असं टिपेत सांगते. यावर कुणाचं दुमत असेल तर ^^ तसाच ठेवला तरी माझी तक्रार नाही.

आणि तो 1 सोडू नका. मेसेज अजून किती जणांनी वाचला नाही तो आकडा असतो, दोघांच्या चॅटमध्ये समोरच्याने उघडला की जातो. म्हणजे स्क्रीनशॉट काढला जाईपर्यंत तिचा 🥲 त्याने पाहिलाच नव्हता. आकडा नसता तर अर्थ उलटा झाला असता, पाहिलं आणि उत्तर दिलं नाही, ज्याला कोरियन पोरं इक्स्सिप म्हणतात, 'वाचून चघळलं' असं काहीसं. आपलं 'सीनवर सोडलं' ते हेच.

तर माझ्या हातून ते असं उतरेल, एक बबल एक ओळ, जोडाजोडी नाही:

मिन्जुन ओप्पा: कुठेयस?
मिन्जुन ओप्पा: मी पोचलो हाहा
उजवीकडची: बापरे, इतक्यात?
उजवीकडची: सॉरी ना 10च मिनिटं 🙏
उजवीकडची: जिसूला पण उशीर होणारे म्हणे
मिन्जुन ओप्पा: परत? हं.
उजवीकडची: ओप्पा, चिडलास?
मिन्जुन ओप्पा: नाही हो, या आपण सावकाश 🙂
उजवीकडची: 🥲 [न वाचलेला]

चौकोनी कंसात जे आहे ते माझं, चॅटमधलं नाही, आणि हा फरक दिसलाच पाहिजे. तुमच्या मैत्रिणीला नुसती उत्सुकता असेल तर एवढं बास. पण ती हा स्क्रीनशॉट कुठल्या तक्रारीला वगैरे जोडणार असेल तर 'हं' आणि 'आपण' हे माझे अर्थ लावणं झालं, तिथे प्रत्येक ओळीखाली शब्दशः अर्थ वेगळा द्या, कितीही रुक्ष वाटला तरी, आणि मूळ चित्र न कापता सोबत ठेवा.