रिपीट ऑर्डरचे तास काढताना सरासरीत फसू नका

समजा पहिल्या नगाला 100 तास लागले आणि लर्निंग कर्व्ह 80 टक्के आहे. म्हणजे नगांची एकूण संख्या दुप्पट झाली की दर नगाचा संचयी सरासरी वेळ आधीच्या 80 टक्क्यांवर येतो: 2 नगांना 80, 4 नगांना 64, 8 नगांना 51.2 तास.

आता 4 नग देऊन झालेत आणि आणखी 4 ची ऑर्डर आली. नवखे इथे 51.2 ला 4 ने गुणतात आणि 204.8 तास धरतात. पण ती सरासरी आठही नगांची आहे, सुरुवातीचे संथ नगही तिच्यातच आले. म्हणून एकूण तासांची वजाबाकी करा: 8 नगांचे 409.6 वजा पहिल्या 4 नगांचे 256, म्हणजे 153.6 तास. मजुरीचा दर यालाच लावायचा.

मधे मोठा खंड पडला किंवा कामगार बदलले, तर मात्र हा आकडा तोकडा पडेल.