विसरभोळेपणा, धास्ती आणि पाळी जाण्याचा काळ

प्रश्न: वय ४६, भुसावळ. पाळी मागेपुढे होते, बोलताना शब्द सुचत नाहीत, पहाटे उगाच धास्ती वाटते. हे हार्मोन्समुळेच आहे का, कसे ओळखावे?

उत्तर: बहुधा हार्मोन्समुळेच आहे, परंतु ते एखाद्या हार्मोन चाचणीवरून नव्हे, तर पाळीच्या नोंदीवरून आणि इतर कारणे वगळून ठरते. जळगावात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मी पंचेचाळिशीनंतर एफएसएच या हार्मोनची चाचणी सहसा सांगत नाही, कारण या काळात तिचे आकडे आठवड्यागणिक बदलतात आणि एका अहवालावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी तीन महिने दिनदर्शिकेवर पाळीची तारीख, रात्रीचा घाम, झोपमोड आणि धास्तीचे दिवस लिहा. दोन पाळ्यांमधील अंतर वारंवार सात किंवा अधिक दिवसांनी बदलत असेल आणि घामाने झोप मोडलेल्या रात्रीनंतरच विसरभोळेपणा वाढत असेल, तर हार्मोन्सचा संशय बळावतो. सोबत थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासा. थायरॉइडचा विकार हुबेहूब अशीच लक्षणे दाखवतो, आणि शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता बऱ्याचदा आढळते. शब्द उशिरा आठवणे या काळात सामान्य आहे; मात्र ओळखीचा रस्ता चुकणे, रोजचा स्वयंपाक करताना क्रमच न कळणे किंवा जगणे नकोसे वाटणे यांपैकी काही असेल, तर नोंदीसाठी न थांबता डॉक्टरांकडे जा.