करारात ‘पाणी’ हा शब्दच नाही, मग पाण्याचा हक्क आला कुठून?

प्रश्न: पाणी हा मानवी हक्क आहे असं सगळीकडे वाचतो. पण ज्या कराराचा दाखला देतात, तो उघडून पाहिला तर त्यात पाण्याचा उल्लेखच नाही. मग हा हक्क नेमका कशावरून काढला? आणि शौचालय त्यातच धरतात का?

उत्तर:

तुम्ही करार बरोबरच वाचला आहे. मी हा विषय शिकवतो आणि पहिल्या तासाला मुलांच्या हातात १९६६ च्या आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या कराराचं कलम ११ देऊन ‘यात पाणी शोधा’ असं सांगतो. कुणालाच सापडत नाही. कलमाचा आशय असा, की प्रत्येकाला स्वतःसाठी आणि कुटुंबासाठी पुरेशा जीवनमानाचा हक्क आहे, ‘पुरेसे अन्न, वस्त्र व निवारा यांसह’. सगळी मेख त्या ‘यांसह’मध्ये आहे.

‘म्हणजे अन्न, वस्त्र व निवारा’ असं लिहिलं असतं तर यादी तिथंच संपली असती. ‘यांसह’ म्हटल्यावर मूळ हक्क ठरतो तो पुरेशा जीवनमानाचा, आणि ही तीन त्याची नावं घेऊन सांगितलेली अंगं. करार राबवला जातो की नाही हे पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं २००२ साली सामान्य टिप्पणी क्रमांक १५ मध्ये हाच युक्तिवाद केला: यादी पूर्ण नाही, आणि ज्याच्याविना माणूस जगूच शकत नाही ते जीवनमानात येतंच. जोडीला कलम १२, म्हणजे आरोग्याचा हक्क घेतला.

यावर आक्षेप घेणारेही होते, आणि त्यांचा मुद्दा फुटकळ नव्हता. ‘यांसह’मधून पाणी आत आलं तर उद्या वीज येईल, परवा इंटरनेट. शिवाय राज्यांना पाणी लिहायचं होतं तेव्हा त्यांनी ते लिहिलंच आहे. महिलांविषयीच्या १९७९ च्या कराराच्या कलम १४ मध्ये ग्रामीण स्त्रियांसाठी पाणीपुरवठा आहे, बालहक्कांच्या १९८९ च्या करारात कलम २४ मध्ये पिण्याचं स्वच्छ पाणी आहे. मग १९६६ साली लिहिलं नाही याचा अर्थ नको होतं, असाच ना? समितीनं हेच दाखले उलट बाजूनं वापरले. पाण्याला हक्काचं स्थान आहे हे राज्यांनीच पुन्हापुन्हा मान्य केलंय, असं तिचं म्हणणं. पहिल्या आक्षेपावर माझं उत्तर असं: पाणी काढून घेतलं तर अन्न शिजत नाही, घर राहण्याजोगं उरत नाही, आजार हटत नाही. म्हणजे यादीत लिहिलेले हक्कही पोकळ होतात. इंटरनेटबद्दल असं म्हणता येत नाही, विजेबद्दल वाद घालता येईल.

पण इथं एक गोष्ट बहुतेक लेखांत सुटते. समितीची टिप्पणी म्हणजे कराराचं अधिकारवाणीनं केलेलं स्पष्टीकरण, ती स्वतः करार नव्हे. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं पाणी व स्वच्छतेच्या हक्काला मान्यता देणारा ठराव केला. बाजूनं १२२, विरोधात शून्य, तटस्थ ४१. तोही बंधनकारक नाही, आणि हा हक्क कोणत्या करारातून येतो हे त्यात स्पष्ट केलेलं नाही. ती उणीव मानवी हक्क परिषदेनं त्याच सप्टेंबरमध्ये भरून काढली. हा हक्क पुरेशा जीवनमानाच्या हक्कातून निघतो आणि आरोग्य, जीवित व मानवी प्रतिष्ठा यांच्याशी अतूट जोडलेला आहे, असं तिनं म्हटलं.

आता तुम्ही म्हणाल, कुठून निघतो याला इतकं महत्त्व कशाला? कारण जिथून काढाल त्याप्रमाणे सरकारचं कर्तव्य बदलतं. जीवनमानाच्या कलमातून काढलं तर ‘उपलब्ध साधनांनुसार टप्प्याटप्प्यानं’ ही मुभा सोबत येते (भेदभाव न करणं आणि किमान आवश्यक पाणी, एवढं मात्र ताबडतोब). जीविताच्या हक्कातून किंवा अमानुष वागणुकीच्या मनाईतून काढलं तर ‘पैसे नाहीत, पुढं बघू’ म्हणायला फारशी जागा राहत नाही. उलट, या दुसऱ्या वाटेनं हाती येतं तेही बेताचंच.

बोट्स्वानाचा खटला यासाठी पाहण्यासारखा आहे. मध्य कालाहारी अभयारण्यात राहणाऱ्या बसारवा लोकांना तिथून हलवताना, २००२ साली, मोथोमेलो इथली बोअर बंद करण्यात आली. २००६ मध्ये न्यायालयानं त्यांचा तिथं राहण्याचा हक्क मान्य केला. लोक परतले, पण बोअर बंदच. मागणी साधी होती: ती आमच्या खर्चानं आम्हाला वापरू द्या. सरकारचं म्हणणं, सोयींपासून दूर राहायचं यांनीच ठरवलं, आता भोगा. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयानं लोकांची याचिका फेटाळली.

जानेवारी २०११ मध्ये अपील न्यायालयानं हा निकाल फिरवला. गंमत अशी, की ज्या करारातून समितीनं पाण्याचा हक्क काढला, त्या १९६६ च्या करारात बोट्स्वाना तेव्हा सामीलच नव्हता. मग न्यायाधीशांनी दोन आधार घेतले. एक देशाचाच जलकायदा: जमिनीवर कायदेशीरपणे राहणाऱ्याला घरगुती वापरासाठी विहीर वा बोअर घेण्यास वेगळा परवाना लागत नाही. दुसरा, राज्यघटनेतली अमानुष व मानहानीकारक वागणुकीची मनाई. माणसांना पाण्यावाचून ठेवणं त्यात बसतं, हे ठरवताना त्यांनी समितीची टिप्पणी आणि सहा महिन्यांपूर्वीचा आमसभेचा ठराव विचारात घेतला. बंधनकारक नसलेले कागद असे कामाला येतात: स्वतः हक्क देत नाहीत, पण आधीच असलेल्या कलमाचा अर्थ लावायला न्यायाधीशाच्या हाती आधार देतात.

आणि मर्यादाही तिथंच दिसते. न्यायालयानं सरकारला पाणी पुरवायला लावलं नाही. लोक स्वतःच्या खर्चानं काढतायत, तर आडवे येऊ नका, इतकंच. नळ, टाकी, देखभाल यांची मागणी करायची तर पुन्हा जीवनमानाच्या कलमाकडं, म्हणजे ‘टप्प्याटप्प्यानं’कडं वळावं लागतं.

शौचालयाचं सांगतो. आधी एक भाषेची अडचण: आपल्या ‘स्वच्छता’ या शब्दात झाडलोटही येते. इथं अर्थ आहे मानवी मैला गोळा करणं, वाहून नेणं, त्याची विल्हेवाट लावणं किंवा त्याचा पुनर्वापर करणं. २००२ च्या टिप्पणीत हे सगळं पाण्याच्या आडोशानं आलं. तिथं प्रतिष्ठा आणि खासगीपणाचा उल्लेख आहे, पण भर पिण्याचं पाणी मैल्यानं दूषित होऊ नये यावर. त्यात एक खोट होती. खड्ड्याच्या शौचालयाला पाण्याची फारशी गरजच नसते. अंधार पडेपर्यंत थांबून राहणाऱ्या बाईचं गाऱ्हाणंही पाण्याच्या गुणवत्तेबद्दल नसतं, ते आडोशाबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल असतं. शिवाय दोन्ही एकत्र बांधले की निधी आणि लक्ष पाण्याकडं जातं. पाइपलाइनचं उद्घाटन थाटात होतं, सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीचं कोण करतं?

नोव्हेंबर २०१० मध्ये त्याच समितीनं वेगळं निवेदन काढून स्वच्छतेचा हक्क थेट कलम ११ आणि १२ शी जोडला. डिसेंबर २०१५ मध्ये आमसभेनंही दोन्ही हक्क वेगवेगळे मानले. तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आधी त्यातच धरत होते, आता धरत नाहीत. उगम मात्र दोघांचा एकच, ‘यांसह’ असलेलं तेच वाक्य.