दिशाज्ञानाचं उत्तर तपासायचं तर वाट उलटी चाला

प्रश्न: बुद्धिमत्ता चाचणीत दिशेचं गणित आलं की दोन वळणांपर्यंत ठीक जातं, पण चार-पाच वळणं असली की चुकतं. पुन्हा आकृती काढून पाहिली तरी तेच चुकीचं उत्तर येतं. मग आकृती काढून उत्तर तपासायचं तरी कसं?

उत्तर:

दुसरी आकृती घरापासून काढू नका. शेवटच्या बिंदूपासून मागे घरी चालत या. पहिली आकृती काढताना ज्या कोपऱ्यावर तुमचा हात चुकीकडे वळला, तिथे त्याच बाजूने पुन्हा पोहोचलात की तो तसाच वळणार. त्याच कोपऱ्यावर समोरून आलात तर तोंड वेगळ्या दिशेला असतं, आणि चूक लपून राहत नाही.

पोलीस भरती आणि तलाठीच्या सराव प्रश्नपत्रिकांत असतं तसं एक उदाहरण घेऊ. सुनील घरातून निघून उत्तरेकडे १२ मीटर चालतो. उजवीकडे वळून १० मीटर, पुन्हा उजवीकडे वळून ७ मीटर, मग डावीकडे वळून ५ मीटर आणि शेवटी उजवीकडे वळून १३ मीटर चालतो. तो घरापासून किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला आहे?

बरोबर वाट अशी होते: उत्तर १२, पूर्व १०, दक्षिण ७, पूर्व ५, दक्षिण १३. उत्तरेकडे १२ आणि दक्षिणेकडे ७ अधिक १३ म्हणजे २०, तेव्हा तो घराच्या ८ मीटर दक्षिणेला आहे. पूर्वेकडे १० अधिक ५ म्हणजे १५, पश्चिमेकडे काहीच नाही. ८ आणि १५ या काटकोनाच्या बाजू, म्हणून अंतर १७ मीटर आणि दिशा आग्नेय.

आता इथे बहुतेकांचं काय चुकतं ते पाहा. तिसऱ्या टप्प्यात सुनील दक्षिणेकडे, म्हणजे कागदावर खाली चाललेला असतो. तिथे 'डावीकडे' वाचलं की पेन्सिल कागदाच्या डाव्या बाजूला, पश्चिमेला जाते. खाली तोंड करून चालणाऱ्याचा डावा हात मात्र कागदाच्या उजव्या बाजूला असतो, म्हणजे पूर्वेला. एकदा पश्चिमेला वळल्यावर पुढचं 'उजवीकडे' वर, उत्तरेला जातं. मग सुनील घराच्या ५ मीटर पूर्वेला आणि १८ मीटर उत्तरेला दिसतो, आणि उत्तर ईशान्य येतं. पर्यायांत ईशान्य असतंच, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही. अंतर मात्र वर्गमुळात ३४९ असं ओबडधोबड येतं. या प्रश्नांत अंतरं बहुधा ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७ अशा त्रिकुटांतली दिलेली असतात, त्यामुळे वर्गमूळ सुटत नसेल तर तिथेच थांबून वाट तपासावी.

उलट चालायचे नियम तीनच आहेत. शेवटच्या बिंदूवर आधी मागे फिरा, म्हणजे शेवटी तोंड जिकडे होतं त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेने निघा. अंतरं शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत घ्या. प्रत्येक कोपऱ्यावर मूळ वळण उजवं असेल तर डावं घ्या आणि डावं असेल तर उजवं. अंतरं आणि वळणं प्रश्नाच्या मजकुरातूनच वाचा, आपल्या पहिल्या आकृतीतून उचलू नका. तिथे १३ चे १५ झाले असतील तर परतीच्या वाटेतही १५ च येतील आणि वाट आनंदाने घरी पोहोचेल.

वरच्या बरोबर आकृतीवर हे करून पाहू. सुनील शेवटी दक्षिणेकडे पाहतोय, म्हणून मागे फिरून उत्तरेकडे १३. शेवटचं वळण उजवं होतं, ते आता डावं, म्हणून पश्चिमेकडे ५. त्याआधीचं डावं होतं, ते उजवं, म्हणून उत्तरेकडे ७. त्याआधीचं उजवं, आता डावं, पश्चिमेकडे १०. पहिलं वळण उजवं, आता डावं, दक्षिणेकडे १२. आपण थेट घराच्या दारात. वाट मिटली.

आता चुकलेली आकृती घ्या, जिच्यात सुनील उत्तरेकडे तोंड करून घराच्या ५ मीटर पूर्वेला आणि १८ मीटर उत्तरेला उभा आहे. मागे फिरून दक्षिणेकडे १३: ही रेघ आधीच्या रेघेवरूनच जाते. डावीकडे, म्हणजे पूर्वेकडे ५: हीही जुन्या रेघेवरूनच. आता उजवीकडे वळून ७ चालायचं आहे. पूर्वेकडे तोंड असताना उजवीकडे म्हणजे दक्षिण, आणि जुनी ७ ची रेघ तर या कोपऱ्यावरून उत्तरेकडे जाते. इथे दोन्ही वाटा फुटल्या. चूक नेमक्या याच कोपऱ्यावर झालेली आहे. वाट तशीच पुढे नेली तर सुनील घराच्या २० मीटर पूर्वेला आणि १० मीटर उत्तरेला जाऊन उभा राहतो, पण तिथवर जायची गरजच नाही. परतीची रेघ पहिल्यांदा ज्या कोपऱ्यावर जुन्या रेघेला सोडते, तेवढं एकच वळण पुन्हा वाचायचं आणि तिथून पुढचीच आकृती नव्याने काढायची. मला ही पद्धत यासाठीच आवडते. उत्तर चुकलंय एवढंच सांगून ती थांबत नाही, कुठे चुकलं तेही दाखवते.

परतीची आकृती वेगळी काढण्यापेक्षा जुन्या रेघांना लागून तुटक रेघेने काढली तर फुटलेला कोपरा लगेच दिसतो. दक्षिणेकडे चालताना कच्च्या कामाचा कागदच फिरवून घ्या, म्हणजे चालण्याची दिशा तुमच्यापासून दूर जाईल. मग तुमचा डावा हात तोच त्या माणसाचा डावा हात. यात लाजण्यासारखं काही नाही, नकाशा घेऊन डोंगरात फिरणारे लोकही नकाशा असाच फिरवून धरतात.

वळणं सगळी बरोबर असूनही दिशा चुकते, त्याचं कारण रेघांची लांबी. वरच्या आकृतीत पाचवा टप्पा सुरू होतो तेव्हा सुनील घरापेक्षा ५ मीटर उत्तरेला असतो. तिथून १३ खाली यायचं. जागा कमी म्हणून ही रेघ आखूड काढली तर शेवटचा बिंदू घराच्या वरच्या बाजूलाच राहतो आणि डोळ्यांना ईशान्य दिसतं. म्हणून सुरुवातीच्या बिंदूतून एक आडवी आणि एक उभी तुटक रेघ आधीच आखून ठेवा, आणि दर टप्प्याला आडव्या रेघेपासून किती उरलं ते आकड्यात लिहा: वर १२, वर १२, वर ५, वर ५, खाली ८. आकृती वेडीवाकडी असली तरी हा आकडा दिशा बरोबर सांगतो. पट्टी घेऊन मापात काढायला वेळ असेल, घरी सराव करताना असतोच, तर १ सेंटिमीटरला २ मीटर धरा. घर ते शेवटचा बिंदू साडेआठ सेंटिमीटर भरला पाहिजे.

नुसत्या तोंडाच्या दिशेचा प्रश्न असेल तर आकृतीचीही गरज नाही. उत्तर ० अंश, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७० धरा, उजव्या वळणाला ९० मिळवा, डाव्या वळणाला ९० वजा करा. सुनीलची वळणं तीन उजवी आणि एक डावं, म्हणजे १८०, म्हणजे दक्षिण. चुकलेल्या आकृतीत तो उत्तरेकडे पाहत होता, तिथेच पकडला गेला असता. ४५ आणि १३५ अंशांच्या प्रश्नांतही हेच चालतं: वायव्येकडे म्हणजे ३१५ अंशांवर तोंड, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने ९० आणि मग उलट १३५, तर ३१५ अधिक ९० वजा १३५ म्हणजे २७०, पश्चिम. बेरीज ३६० च्या वर गेली तर ३६० वजा करा, शून्याच्या खाली गेली तर मिळवा.

होकायंत्राच्या वाचनालाही परतीच्या वाटेचाच नियम लागतो. पुढे जाताना जे अंश, परतताना त्यात १८० चा फरक. सुनील घरापासून साधारण ११८ अंशांवर आहे, तर त्याच्याकडून घर २९८ अंशांवर असलं पाहिजे. इथेच आणखी एक सापळा आहे. 'तो घरापासून कोणत्या दिशेला' याचं उत्तर आग्नेय, आणि 'घर त्याच्यापासून कोणत्या दिशेला' याचं वायव्य. ज्या शब्दाला 'पासून' किंवा 'च्या' लागलाय त्या बिंदूवर पेन्सिल टेकवा आणि दुसऱ्या बिंदूकडे पाहा.

परतीच्या वाटेला न सापडणाऱ्या चुकाही आहेत. सुरुवातीची दिशाच चुकली असेल, उत्तरेऐवजी पूर्वेकडे निघालात, तर सगळी आकृती जशीच्या तशी ९० अंशांत फिरते. तीही घरी नेटकी परतते, अंतरही १७ च येतं, फक्त दिशा चुकते. डावं-उजवं सगळीकडेच उलटं घेतलं तर आरशातली आकृती मिळते, तीही मिटते. सुनीलच्या उदाहरणात तर अंशांची बेरीजही ही चूक पकडणार नाही, कारण उणे १८० म्हणजेही दक्षिणच. यावर उपाय एकच: पहिला टप्पा आणि पहिलं वळण मजकुराशी वेगळं ताडून पाहा. उत्तरेकडे निघून उजवीकडे वळलात तर रेघ कागदाच्या उजव्या कडेकडे गेली पाहिजे.

सावलीच्या प्रश्नात ही पहिली दिशाच लपवलेली असते, म्हणून तिथे दुप्पट काळजी घ्या. सूर्योदयानंतर सावली पश्चिमेला पडते, सूर्यास्ताआधी पूर्वेला. सकाळी कुणाची सावली त्याच्या उजवीकडे पडली तर त्याचा उजवा हात पश्चिमेला आहे, म्हणजे तोंड दक्षिणेला. संध्याकाळी तीच सावली उजवीकडे पडली तर उजवा हात पूर्वेला, तोंड उत्तरेला. मजकुरातला 'सकाळी' किंवा 'संध्याकाळी' हा शब्द अधोरेखित करून, पहिला बाण काढून, मगच वळणांना हात घाला.