रेटिनॉलऐवजी बाकुचिओल: पुरावा किती आणि बाटलीच्या मागे काय वाचायचं?

प्रश्न: वय ३८. तारकर्लीला आमचा होमस्टे आहे, दिवसभर उन्हात ये-जा असते. रेटिनॉल लावलं की चेहरा झोंबतो, सालपटं निघतात. आता जो तो बाकुचिओल घे म्हणतो. ते खरंच रेटिनॉलइतकं काम करतं का? आणि एवढ्या बाटल्यांमधली नेमकी कुठली घ्यायची?

उत्तर:

तुमच्यासाठी बाकुचिओल करून बघण्यासारखं आहे. मात्र ‘रेटिनॉलइतकंच’ असं छातीठोकपणे सांगण्याएवढा पुरावा अजून नाही. आणि बाटली उलटी करून घटकांच्या यादीत ‘बाकुचिओल’ हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मी बी.फार्म. आहे, कुडाळात मेडिकल चालवते. हल्ली या बाटल्या घेऊन बायका रोज काउंटरवर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पुरावा. ज्या अभ्यासाच्या जोरावर ही सगळी जाहिरात चालते तो ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजीमध्ये २०१९ साली छापून आला. अमेरिकेतल्या ४४ जणांचे दोन गट केले होते. एका गटाने ०.५ टक्के बाकुचिओलचं क्रीम दिवसातून दोनदा लावलं, दुसऱ्याने ०.५ टक्के रेटिनॉलचं क्रीम रात्री एकदाच. असं १२ आठवडे चाललं. चेहऱ्याचे फोटो तपासणाऱ्या डॉक्टरांना कोण काय लावतंय हे माहीत नव्हतं. शेवटी दोन्ही गटांत बारीक सुरकुत्या कमी झाल्या आणि डागही फिकट झाले. डाग उतरलेल्यांचं प्रमाण बाकुचिओलच्या गटात ५९ टक्के आणि रेटिनॉलच्या गटात ४४ टक्के होतं. सालपटं निघणं आणि झोंबणं मात्र रेटिनॉलवाल्यांना जास्त झालं. म्हणजे तुमची जी तक्रार आहे, नेमक्या तिच्या बाबतीत बाकुचिओल सरस ठरलं.

आता याच अभ्यासाची दुसरी बाजू. ५९ आणि ४४ हे आकडे पाहून बाकुचिओल जिंकलं असं वाटतं, पण गटात जेमतेम वीस-बावीस माणसं असली की दोन-तीन जण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी एवढी हलते. त्यामुळे अभ्यासकांनीही फरक नाही असंच म्हटलं. आणि ४४ माणसांत फरक सापडला नाही यावरून दोन्ही सारखेच आहेत हे सिद्ध होत नाही. दुसरं म्हणजे नुसतं साधं क्रीम लावणारा तिसरा गट या अभ्यासात नव्हता. कोरड्या त्वचेला तीन महिने नेमाने कुठलंही चांगलं क्रीम लावलं तरी बारीक रेषा थोड्या भरतात. त्यातला बाकुचिओलचा वाटा किती, हे या अभ्यासावरून वेगळं काढता येत नाही. त्याआधी २०१४ मध्ये एक अभ्यास झाला होता. त्यात त्वचेच्या पेशींवर बाकुचिओल टाकल्यावर जी जनुकं जागी होतात ती बरीचशी रेटिनॉलसारखीच असल्याचं दिसलं. ‘रेटिनॉलसारखं’ हे बिरुद तिथून आलं. त्याच अभ्यासात माणसांवरही प्रयोग होता, पण तो छोटा आणि तुलनेला दुसरा गट नसलेला.

रेटिनॉल आणि त्याच्या घरातली ट्रेटिनॉइनसारखी औषधं यांच्यामागे कित्येक दशकांचं काम आहे. बाकुचिओलमागे अजून तेवढं नाही. शिवाय ते मुळात अ जीवनसत्त्व नाही, त्याची रचनाच वेगळी. रेटिनॉलचं त्वचेत रेटिनॉइक आम्ल बनतं, बाकुचिओलचं बनत नाही. म्हणून बाटलीवर ‘नॅचरल रेटिनॉल’ लिहिलेलं दिसलं तर ते चुकीचं आहे असं खुशाल समजा.

यापुढचं तुम्ही जरूर वाचा, कारण तुम्ही उन्हात असता. बाकुचिओल मिळतं ते बावचीच्या बियांपासून. १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बियांमधून वेगळं काढलं. पण बावचीच्या बियांत बाकुचिओलबरोबर सोरालेन आणि आयसोसोरालेन ही द्रव्यंही असतात. अंगावरच्या कोडावर वैद्य बावची लावायला सांगतात आणि वर कोवळ्या उन्हात बसायला सांगतात, ते या सोरालेनसाठी. ते त्वचेवर असताना ऊन पडलं की त्वचा तीव्र प्रतिक्रिया देते. कोडावर वैद्याच्या देखरेखीखाली त्याचा उपयोग होतो. पण सुरकुत्या घालवायला म्हणून बावचीचं तेल चेहऱ्याला लावून कुणी दुपारी देवबागच्या वाळूत पाहुण्यांना बोटीपर्यंत सोडायला गेलं, तर दोन-तीन दिवसांत चेहरा लाल होईल, फोड येतील, आणि फोड गेल्यावर काळे डाग मागे राहतील. ते डाग महिनोन् महिने जात नाहीत. चांगल्या प्रतीच्या शुद्ध बाकुचिओलमधून सोरालेन काढून टाकलेलं असतं, म्हणून ते सकाळीही लावता येतं. ऑनलाइन मात्र बावचीचं तेल आणि बाकुचिओल एकाच नावाखाली शेजारी शेजारी विकायला असतात.

आता बाटल्या. मध्यंतरी निवतीच्या एक शिक्षिका तीन बाटल्या घेऊन आल्या होत्या, यातली कुठली ठेवू म्हणून. आम्ही काउंटरवर भिंग घेऊन तिन्हींच्या मागचं वाचलं. एका बाटलीवर तर किमतीचं स्टिकर नेमकं यादीवरच चिकटवलेलं होतं, ते नखाने सोलून काढावं लागलं.

त्याआधी एक नियम लक्षात घ्या. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी उतरत्या प्रमाणाने द्यावी लागते, पण हे बंधन एक टक्क्याहून जास्त असलेल्या घटकांपुरतंच आहे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. मग एक टक्क्याची रेषा कुठे आहे हे कसं ओळखायचं? त्यासाठी यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. हे प्रिझर्व्हेटिव्ह पुष्कळ क्रीम-सीरममध्ये असतं आणि ते एक टक्क्यापर्यंतच घालता येतं. त्यामुळे यादीत त्याच्या नंतर जे जे येतं ते एक टक्का किंवा त्याहून कमीच असणार.

पहिल्या बाटलीवर पुढे ‘१ टक्का बाकुचिओल’ लिहिलं होतं. मागे पाणी, ग्लिसरीन, स्क्वालेन, एक-दोन इमल्सिफायर, मग बाकुचिओल, फिनॉक्सीइथेनॉल आणि झँथन गम असा क्रम होता. हे पुढच्या दाव्याशी जुळतं. बाकुचिओल फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली असतं तरीही मी ती बाटली बाद केली नसती, कारण अभ्यासातलं प्रमाणच अर्धा टक्का होतं. खाली असण्यात गैर काही नाही, पण खालच्या जागेवरून ते अर्धा टक्का आहे की नावापुरतं थेंबभर, हे कळत नाही. म्हणून टक्केवारी स्पष्ट छापलेली हवी.

दुसरीवर मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘२ टक्के बाकुचिओल कॉम्प्लेक्स’ होतं. किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट. मागे पाहिलं तर फिनॉक्सीइथेनॉल आधी आणि बाकुचिओल त्यानंतर. बाकुचिओल खरंच दोन टक्के असतं तर ते फिनॉक्सीइथेनॉलच्या आधीच लिहावं लागलं असतं. म्हणजे दोन टक्के आहे ते मिश्रण, बाकुचिओल कुठल्यातरी तेलात मिसळून केलेलं. त्यातलं खरं बाकुचिओल जास्तीत जास्त एक टक्का, आणि किती ते कुठेच लिहिलेलं नाही. ‘कॉम्प्लेक्स’, ‘ब्लेंड’, ‘सिस्टिम’ असा शब्द टक्केवारीला जोडलेला दिसला की हे तपासून बघा. याच बाटलीच्या यादीत खाली रेटिनिल पाल्मिटेटही होतं, म्हणजे अ जीवनसत्त्वाचाच एक प्रकार. रेटिनॉल सोसत नाही म्हणून बाकुचिओल घेणाऱ्या बाईला हे पुढच्या बाजूला कुणी सांगितलेलं नव्हतं.

तिसरीवर हिरवं पान आणि ‘बाकुची, नॅचरल रेटिनॉल’. मागे बाकुचिओल हा शब्दच नाही. होतं ते ‘सोरॅलिया कोरिलिफोलिया सीड एक्स्ट्रॅक्ट’, म्हणजे बावचीच्या बियांचा अर्क. त्यात बाकुचिओल किती आणि सोरालेन किती, हे कळायला काही मार्ग नाही. ती बाटली चेहऱ्याला लावू नका असं मी त्यांना सांगितलं. तुम्हालाही तेच सांगेन, तेलाच्या बाबतीत तर दुप्पट जोर देऊन.

‘१२ आठवड्यांत परिणाम सिद्ध’ असं लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा वर सांगितलेल्या अभ्यासांच्या भरवशावर असतं, त्या बाटलीची चाचणी झालेली नसते. ‘९० टक्के महिलांना फरक जाणवला’ हा प्रकार म्हणजे वापरणाऱ्यांना विचारलेलं मत, मोजमाप नव्हे. आणि ‘गरोदरपणात सुरक्षित’ या ओळीवर विसंबू नका. गरोदर बायकांवर याची नीट चाचणी झालेली नाही. ते अ जीवनसत्त्व नाही एवढ्यावरून काढलेला तो अंदाज आहे. होमस्टेवर कुणी लेकीसुनेने विचारलं तर तिला तिच्या डॉक्टरांकडे पाठवा.

तुम्ही ०.५ ते १ टक्का स्पष्ट लिहिलेलं, सुगंध नसलेलं, साधं क्रीम किंवा लोशन घ्या. बाकुचिओल तेलकट असतं, पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे सीरम पाण्यासारखं पातळ असेल आणि वर तेलाचे थेंब तरंगत असतील तर ते नीट मिसळलेलंच नाही. पहिले चार-पाच दिवस कानामागे किंवा जबड्याखाली थोडं लावून बघा. बाकुचिओलची अ‍ॅलर्जी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. खाज, लाली किंवा पुरळ आलं तर थांबवा, ‘सवय होईल’ म्हणून रेटू नका. सोसलं तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लावा. अभ्यासात दोनदा लावलं होतं, रात्री एकदाच लावलं तर तुम्ही निम्मंच वापरताय. ३० मिलीची बाटली दोनदा लावून साधारण महिनाभर पुरते, तेव्हा खर्च तीन बाटल्यांचा धरा आणि तीन महिन्यांच्या आत निकाल लावू नका. सुरुवातीला खिडकीपाशी एकाच जागी, एकाच वेळेला फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येईल.

सकाळी त्यावर सनस्क्रीन हवंच, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. तारकर्लीत ऊन वरून येतं तसं वाळूवरून आणि पाण्यावरूनही येतं. ते अडवलं नाही तर बाकुचिओल काय किंवा रेटिनॉल काय, डागांच्या बाबतीत पैसे वाया जातील. गालांवर दोन्हीकडे सारखे तपकिरी पट्टे असतील तर तो बहुधा वांग आहे. त्यासाठी मालवण किंवा कुडाळला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, तो नुसत्या बाकुचिओलने जाईल अशी आशा धरू नका.