नव्या दुकानाच्या भाषणाबद्दल

अरे पोरा,

मुलुंडच्या नव्या बेकरीच्या उद्घाटनाचं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं भाषण वाचलं. "ग्राहक हाच देव" वगैरे सुरुवातीचं आधी काढ, ते पेट्रोलपंपावर पण लिहिलेलं असतं.

परळच्या बेकरीची जुनी माणसं ट्रेनने मुलुंडपर्यंत येणार, त्यांना नुसतं थँक्यू म्हणून कसं चालेल, त्यांनी काय केलं ते सांग ना. मे महिन्यात बायका घरचं तूप, मैदा, पिठीसाखर डब्यातून आणून नानकटाई भाजून घ्यायच्या, आपला ट्रे दुसऱ्याच्या ट्रेत मिसळू नये म्हणून भट्टीसमोरून हलायच्या नाहीत, त्यातूनच तुमचं गिऱ्हाईक जमलं. पहाटे पावाच्या लाद्या उचलणारे वडापाववाले पण आठवणीने घे. नावं मात्र घेऊ नकोस, एक राहिलं तरी वर्षभर ऐकावं लागतं. आणि उधारीचा विषय गमतीत सुद्धा नको.

आता मेन गोष्ट, जी तू लिहिलीच नाहीस. जानेवारी 2025 ला हायकोर्टाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा तसल्या स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितल्या, परळची भट्टी त्यातच गेली आणि मुलुंडला तर पहिल्या दिवसापासून इलेक्ट्रिक ओव्हन आहे. जुनं गिऱ्हाईक पहिला घास घेऊनच म्हणणार, चव बदलली. ते म्हणायच्या आत तूच बोल. विटांची भट्टी तापली की फरशीत उष्णता धरून ठेवते, म्हणून पावाचं बूड जरा करपट-खरपूस व्हायचं आणि धुराचा हलका वास यायचा, ओव्हनमध्ये वरखाली सारखी आच बसते, बूड फिकं राहतं, पाव मात्र सगळीकडून सारखा भाजतो. एवढं सरळ सांग, "पीठ तेच, कारागीर तेच, बूड थोडं वेगळं लागेल, कसं वाटतं ते काउंटरवर सांगा". "तीच चव" असं प्रॉमिस करू नकोस बाबा, खोटं पडेल.

नवीन लोकांना तुमच्या इतिहासात इंटरेस्ट नाही, त्यांना गरम पाव किती वाजता मिळणार ते हवंय. सकाळची आणि संध्याकाळची वेळ सांग, तीच बोर्डवर लाव. मुलुंडला गुजराती, जैन घरं भरपूर, तो प्रश्न येणारच, तेव्हा अख्ख्या दुकानाला "शंभर टक्के व्हेज" म्हणू नकोस, कारण मावा केकमध्ये अंडं आहे आणि ओव्हन एकच आहे. पाव-खारीत अंडं नाही, केकचे ट्रे आणि चिमटे वेगळे, पण ओव्हन एकच, एवढंच बोल, ज्याला चालेल तो घेईल.

चाखायला खारी ठेवशील तर झाकून ठेव, पावसाळी हवेत उघडी राहिली की लगेच मऊ पडते आणि पहिलंच इम्प्रेशन बिघडतं.

भाषण संध्याकाळी साडेचारला, पाच मिनिटांत आटप, पाचची लादी बाहेर आली की तुझं कोणी ऐकणार नाहीये. माईक भाड्याने आणू नकोस, वरच्या मजल्यावरचे पहिल्याच दिवशी भांडायला येतील.

तुझा काका