स्विच उघडल्यावर इंडक्टरवर ४८ व्होल्ट येतात कुठून?

प्रश्न: डिप्लोमाचं दुसरं वर्ष, रत्नागिरी. २४ व्होल्टची बॅटरी, १६ ओहम, ३२ ओहम आणि ०.८ हेन्री असं सगळं सिरीजमध्ये आहे. ३२ ओहमला समांतर स्विच आहे, तो बराच वेळ बंद होता आणि t = 0 ला उघडला. मी i(0+) काढला २४ भागिले ४८, म्हणजे ०.५ अँपिअर. आधी इंडक्टर शॉर्ट होता म्हणून vL(0+) शून्य लिहिलं. सर म्हणतात १.५ अँपिअर आणि उणे ४८ व्होल्ट. दादा, बॅटरीच २४ ची आहे, मग ४८ कुठून? आणि इंडक्टर नक्की ओपन धरायचा की शॉर्ट?

उत्तर:

सर बरोबर आहेत. तुझी गडबड एकाच ठिकाणी झाली आहे. स्विच उघडण्याच्या क्षणाच्या अलीकडून पलीकडे फक्त एक राशी जशीच्या तशी जाते, ती म्हणजे इंडक्टरमधला करंट. तू नेमका तो अलीकडेच सोडलास आणि व्होल्टेज मात्र उचलून पलीकडे नेलंस.

तुझं सर्किट मला ओळखीचं आहे, कारण ते मी हाताने जोडलेलं आहे. मी बोटींच्या वायरिंगची कामं करतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून शाकारलेल्या असतात, तेव्हा आमची कामं निघतात. काही इंजिनांवर डिझेल चालू ठेवणारा सोलेनॉइड असतो. इंजिन चालू असेपर्यंत त्याला सप्लाय द्यावा लागतो, सप्लाय तोडला की इंजिन बंद. त्याचा दांडा आत खेचायला जोर लागतो, पण एकदा आत गेला की धरून ठेवायला थोडकं पुरतं. म्हणून सुरुवातीला कॉइलला पूर्ण २४ व्होल्ट देतात, आणि दांडा आत पोचला की त्यानेच एक छोटा काँटॅक्ट उघडून सिरीजमध्ये वेगळा रजिस्टन्स घालतात. तुझे १६ ओहम म्हणजे कॉइलच्या तारेचा रजिस्टन्स समज, आणि ३२ ओहम हा मागाहून येणारा. काँटॅक्ट बंद असताना बॅटरीतून ३६ वॅट ओढले जातात आणि ते सगळे कॉइलमध्येच तापतात. उघडल्यावर कॉइलमध्ये फक्त ४ वॅट उरतात. खाऱ्या वाऱ्याने तो काँटॅक्ट चिकटला, तर कॉइल ३६ वॅटवर शिजते आणि जळक्या वार्निशचा वास तांडेलाला केबिनपर्यंत येतो.

आता काँटॅक्ट उघडण्याच्या क्षणी थांबूया. आधीची स्थिती: ३२ ओहम शॉर्ट आहे, करंट स्थिर झालाय, म्हणजे तो बदलत नाही, म्हणून इंडक्टरवर व्होल्टेज नाही. करंट २४ भागिले १६, म्हणजे १.५ अँपिअर. इथे इंडक्टर शॉर्ट धरणं योग्य आहे, पण फक्त इथेच. तो शॉर्टसारखा वागतो याचं कारण करंट स्थिर आहे हे आहे. स्विच उघडला की ते कारणच संपलं.

हा १.५ चा करंट क्षणात ०.५ का होत नाही? कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा बघ. अर्धा गुणिले ०.८ गुणिले १.५ चा वर्ग, म्हणजे ०.९ जूल. ०.५ अँपिअरला तीच ऊर्जा ०.१ जूल. मधले ०.८ जूल कुठेतरी जायला हवेत, आणि शून्य वेळात जायचे तर अनंत पॉवर लागेल. व्होल्टेजच्या बाजूनेही तेच निघतं: vL हा L गुणिले करंट बदलण्याचा वेग, त्यामुळे करंटने उडी मारली तर vL अनंत. इंडक्टरच्या व्होल्टेजवर असं कसलंच बंधन नाही. ते शून्यावरून उणे ४८ वर एका क्षणात जाऊ शकतं, आणि इथे जातंच.

म्हणून t = 0+ चं चित्र काढताना इंडक्टर ओपनही धरू नकोस आणि शॉर्टही नको. त्याच्या जागी १.५ अँपिअरचा करंट सोर्स काढ, दिशा आधीच्या करंटची. मग साधा किरचॉफ लाव:

```
24 = 1.5×16 + 1.5×32 + vL(0+)
vL(0+) = 24 − 24 − 48 = −48 V
```

उणे चिन्हाचा अर्थ असा, की या घडीला इंडक्टर ऊर्जा घेत नाही, देतोय. ४८ ओहममधून १.५ अँपिअर ढकलायला ७२ व्होल्ट लागतात. २४ बॅटरी देते, उरलेले ४८ इंडक्टर देतो, साठवलेल्या त्या ०.९ जूलमधून. बॅटरी २४ ची आहे म्हणून सर्किटमध्ये कुठेच त्याहून जास्त दिसणार नाही, हा नियम फक्त रजिस्टन्सच्या सर्किटपुरता खरा आहे.

‘इंडक्टर ओपन धरा’ हे वाक्य तू ऐकलंयस, कारण वर्गातलं पहिलं उदाहरण नेहमी मेलेल्या सर्किटला सप्लाय देण्याचं असतं. तिथे i(0−) शून्य, म्हणून i(0+) शून्य, आणि शून्य अँपिअरचा करंट सोर्स म्हणजेच ओपन सर्किट. तो वेगळा नियम नाही, याच नियमाची एक खास वेळ आहे. पुस्तकं ही ओळ चौकटीत छापतात आणि त्यामागची अट खाली बारीक अक्षरात टाकतात, याचा मला जुना राग आहे.

पुढचा करंट लिहायला तीन आकडे पुरतात: सुरुवात, शेवट आणि टाइम कॉन्स्टंट. सुरुवात १.५. शेवट २४ भागिले ४८, म्हणजे तुझे ०.५. म्हणजे तुझा आकडा चुकला नव्हता, तो शेवटचा होता आणि तू त्याला सुरुवातीला बसवलंस. टाइम कॉन्स्टंटसाठी L भागिले R, आणि R स्विच उघडल्या*नंतरचा*, इंडक्टरच्या दोन टोकांतून दिसणारा. म्हणजे ०.८ भागिले ४८, साधारण १६.७ मिलिसेकंद. इथे १६ ओहम घेऊन ५० मिलिसेकंद लिहिणारे दर बॅचला भेटतात.

```
i(t) = 0.5 + (1.5 − 0.5)·e^(−60t)   A
```

उत्तर तपासायची एक सोय आहे, ती वापरत जा. या सूत्रावरून t = 0 ला करंटचा उतार सेकंदाला उणे ६० अँपिअर येतो. आणि वर काढलेल्या vL(0+) ला L ने भाग: उणे ४८ भागिले ०.८, तेही उणे ६०. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तर सुरुवात आणि टाइम कॉन्स्टंट दोन्ही जुळले. ५० मिलिसेकंद घेतले असतेस तर सूत्राचा उतार उणे २० आला असता आणि चूक तिथेच उघडी पडली असती.

‘बराच वेळ बंद होता’ हे शब्दही नुसते वाचून सोडू नकोस. स्विच बंद असताना टाइम कॉन्स्टंट ५० मिलिसेकंद आहे, म्हणजे बराच वेळ याचा अर्थ पाच पट, पाव सेकंद. समज, शून्यापासून सप्लाय दिला आणि ५० मिलिसेकंदांतच काँटॅक्ट उघडला. तेव्हा करंट १.५ च्या ६३ टक्के, साधारण ०.९५ अँपिअरलाच पोचलेला असेल. मग पलीकडे तोच जाईल आणि vL(0+) येईल जवळपास उणे २१.५. पद्धत तीच, फक्त i(0−) स्थिर अवस्थेतून नाही तर आधीच्या सूत्रातून घ्यायचा.

लॅबमध्ये हे स्कोपवर बघणार असशील तर आधीच सांगतो, नाहीतर सरांशी भांडशील. खऱ्या कॉइलच्या टोकांना प्रोब लावलास तर उणे ४८ दिसणार नाही, उणे २४ दिसेल. कॉइलचे १६ ओहम तिच्या पोटातच आहेत, त्यांच्यावरचे अधिक २४ त्यात मिळतात. ४८ व्होल्ट बघायचे तर उघडलेल्या काँटॅक्टवर बघ, म्हणजे ३२ ओहमवर. साध्या मल्टिमीटरला यातलं काहीच कळत नाही, तो थेट शेवटचे १६ व्होल्ट दाखवून मोकळा होतो. आणि सोलेनॉइडचा दांडा हलत असताना L बदलतो, त्यामुळे सप्लाय दिल्यावर चढत्या करंटच्या रेषेत मध्येच एक खळगा दिसतो. तो दोष नव्हे. उलट तो दिसला नाही तर दांडा अडकलाय असा संशय घ्यायचा. तुझं सूत्र L कायम असलेल्या कॉइलचं आहे.

शेवटची एक गोष्ट, कारण पुढचा प्रश्न बहुधा तोच असेल. ३२ ओहम नसतेच आणि स्विच थेट सिरीजमध्ये असता तर? t = 0+ ला करंट सोर्स काढशील आणि त्याच्यापुढे उघडी तार. करंटला वाट नाही आणि तो थांबूही शकत नाही. चित्रातच असा विरोध आला की समजायचं, आदर्श स्विच इथे चालणार नाही. प्रत्यक्षात करंट स्वतःची वाट काढतो, उघडणाऱ्या काँटॅक्टमधल्या हवेतून, ठिणगी होऊन. एका बोटीवर याच कारणाने किल्लीच्या स्विचचा काँटॅक्ट दर हंगामाला खड्डे पडून खराब व्हायचा. मी दोनदा स्विच बदलला आणि दोन्ही वेळा खाऱ्या हवेला शिव्या घातल्या. चूक माझीच होती, कॉइलवर डायोड नव्हता.

डायोड कॉइलच्या दोन टोकांवर उलटा लावतात, म्हणजे सप्लाय असताना त्यातून करंट जात नाही. (घाईत एकदा सुलटा लावला होता. फ्यूज लगेच गेला.) आता किल्ली फिरवून सप्लाय तोड आणि तीच पद्धत लाव. दांडा धरलेला होता, म्हणून i(0−) ०.५, i(0+) पण ०.५. वाट डायोडमधून, डायोडवर साधारण ०.७ व्होल्ट:

```
0 = 0.5×16 + 0.7 + vL(0+)
vL(0+) = −8.7 V
```

किल्लीच्या काँटॅक्टवर आता बॅटरीपेक्षा जेमतेम ०.७ व्होल्ट जास्त येतात, ठिणगी जवळजवळ नाहीच. बदल्यात करंट हळू उतरतो, कारण आता वाटेत फक्त १६ ओहम आहेत आणि टाइम कॉन्स्टंट परत ५० मिलिसेकंद झाला. करंट शून्य व्हायला सव्वाशेच्या आसपास मिलिसेकंद लागतात. इंजिन बंद व्हायला एवढा उशीर कुणाच्या लक्षातही येत नाही. जिथे दांडा पटकन सुटायला हवा तिथे डायोडबरोबर सिरीजमध्ये एक रजिस्टन्स घालतात. २० ओहम घातलास तर vL(0+) आणि टाइम कॉन्स्टंट किती होतील, ते काढून इथे टाक, मी बघतो.